दर गिऱ्हाईकाला दहा

फोन माझ्या भाचेसुनेचा होता. ती म्हणाली, "आत्याबाई, मामंजी नेरडीगोंड्याच्या दवाखान्यात बसून आहेत. छातीत दुखते म्हणून पट्टी काढली. लय वेळ झाला. इथली पोरगी म्हणते, उत्तर तुमच्या ताईच्या ऑफिसातूनच येऊन नाई राह्यलं."

माझी लेक जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसली होती. सकाळपासून तिनं पहिल्यांदा काही तोंडाला लावलं होतं. मी तिला सांगितलं, तुझ्या मामाची पट्टी अडकली म्हणे. तिनं एवढंच विचारलं, "कोणत्या दवाखान्यात? बसस्टँडजवळच्या, का मोठ्याच्या?"

मी फोनवर विचारलं. मोठ्याच्या, भाचेसून म्हणाली. कार्डवाल्या.

लेकीनं कप पायरीवर ठेवला आणि वर गेली. पळाली नाही. तिच्या चालण्यावरून मला कळलं की काहीतरी वाईट आहे. एरवी ती तो जिना दोन-दोन पायऱ्या चढते.

हे सगळं काय होतं ते मला आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर माझ्या भावजयीसारखं होईल. तिला अर्धंच माहीत आहे आणि ती तेवढंच गावभर सांगते.

आमचं घर आदिलाबादला, कापसाच्या मार्केटमागच्या गल्लीत. खाली आमची चक्की होती. नवरा गेल्यावर मी ती बरीच वर्षं चालवली, मग गुडघे गेले आणि मोटर विकून टाकली. वरच्या दोन खोल्यांत लेकीचं ऑफिस. ती हैदराबादला कंप्युटरचं शिकली, तिथं नोकरी केली, मग परत आली. तिच्यासोबत एक सर आहेत. आधी ते शाळेत कंप्युटर शिकवायचे. मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही सारखंच बोलतात आणि तिन्हींत कमीच बोलतात. दोघांचं मिळून हे काम.

काम असं. खेड्यापाड्यातल्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायचं यंत्र असतं, पण ती वाचणारा डॉक्टर नसतो. नर्स पट्टी काढते आणि यंत्रातूनच ती आमच्या वरच्या खोलीकडं येते. खरं म्हणजे येते ती कुठल्या दूरच्या कंप्युटरवर, पण मी वरची खोलीच म्हणते. दर पाव तासाला एक फेरी सुटते. एका फेरीत शंभर पट्ट्या बसतात, त्याहून जास्त घेतल्या तर पाव तासात उरकत नाहीत. कंप्युटर पट्टी मोजतो. वाईट दिसली तर लाल करतो, आणि शहरातल्या डॉक्टरचा फोन लगेच वाजतो. चांगली दिसली तर हिरवी. हिरव्या डॉक्टर सवडीनं बघतो. लाल पट्टीला तो नर्सला स्वतः फोन करतो, हे द्या, ते द्या, माणूस हलवा म्हणून सांगतो.

गिऱ्हाईकं तीसेक. बहुतेक लहान. एका नर्सचा दवाखाना, दिवसाला दोन पट्ट्या, कधी एकही नाही. आणि एक मोठा. हैदराबादचं हॉस्पिटल, जिल्ह्यात त्याच्या शाखा. तो गावोगाव कॅम्प घ्यायचा, लोकांना प्लास्टिकचं कार्ड द्यायचा. ऑफिसचं भाडं निघत होतं ते त्याच्यामुळं. लेक त्याला मोठाच म्हणायची, नाव घ्यायची नाही.

पट्ट्यांचा नंबर कसा लागायचा तर जी आधी काढली ती आधी. यात काही चूक आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नसतं. चक्कीवर आम्हीही तेच करायचो.

त्या सकाळी मोठ्यानं त्याच्या कॅम्पच्या पट्ट्या पाठवल्या. कॅम्प आधल्या हप्त्यात झाले होते. गावात नेट नव्हतं म्हणून पट्ट्या यंत्रातच पडून होत्या. कॅम्पची गाडी शहरात आली, नेट लागलं, आणि त्या सगळ्या एकदम सुटल्या. तीन हजारांच्या वर. आणि सगळ्या आजच्या पट्टीपेक्षा जुन्या. म्हणून सगळ्या पुढं.

एक फेरी गेली, शंभरच्या शंभर मोठ्याच्या. दुसरी गेली, तशीच. वर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण काम तर चालू होतं. पडद्यावर सगळं हिरवं, फेऱ्या भरून जात होत्या, कुठं काही बंद पडलेलं नव्हतं. बंद पडलं असतं तर घंटी वाजली असती.

मग एका नर्सचा फोन आला. ती सरांना म्हणाली, आज तुमी झोपले का? तिची पट्टी सरांनी शोधून हातानं चालवली. एकटी पट्टी अशी हातानं रांगेबाहेर काढता येते. ती हिरवी निघाली. मग आणखी एकीचा फोन. तीही हातानं काढली. तेव्हा लेकीनं पूर्ण रांग उघडून पाहिली आणि तिला कळलं.

मी तेव्हा वर होते. डाळीची वाटी घेऊन खडे काढत बसले होते, कारण खाली लाईट नव्हती, वर बॅटरी आहे. लेक सरांना म्हणाली की संध्याकाळपर्यंत लहान्यांचा नंबर लागणार नाही. सर म्हणाले, जे फोन करतील त्यांचं हातानं काढू.

"आणि जे फोन नाई करत त्याईचं?" लेक म्हणाली.

 सर म्हणाले, मग मोठ्यालाच बंद करू, रांग मोकळी होईल. त्यावर ती म्हणाली की एकट्यालाच थांबवायची सोय आपण केलेली नाही, आणि असती तरी त्याच्या शाखांत आजही माणसं येतात, त्यांनाही बंद करायचं का. तिनं ठरवलं की दर फेरीत एका गिऱ्हाईकाच्या दहाच पट्ट्या घ्यायच्या. तो कितीही मोठा असो. उरलेल्या त्याच्या त्याच्या रांगेत थांबतील, पुढच्या फेरीला पुढच्या दहा. याला ते कॅप म्हणतात. कॅपचं काम महिनाभर त्यांच्या करायच्या कामांत पडून होतं. मोठा नाराज होईल म्हणून पडून होतं, असं नाही. दुसरी कामं निघत गेली, एवढंच.

तिनं ते घाईत लिहिलं. फेरी सुटायच्या आधी बसलं पाहिजे म्हणून. सरांनी पाहिलं, बरोबर आहे म्हणाले. फेरी सुटली.

आणि लगेच संपली. मी डाळ बाजूला ठेवली, कारण दोघंही एकदम उठून पडद्याजवळ गेले. शंभरांची फेरी, आणि तिच्यात दहाच पट्ट्या. दहाही मोठ्याच्या. लहान्यांची एकही नाही.

सर तेलुगूत काहीतरी पुटपुटले. लेक खुर्चीत बसली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून पडद्याकडं पाहत राहिली. मग हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मी विचारलं, काय झालं. ती माझ्याकडं न पाहताच बोलली. "माय, समज चक्कीच्या दारासमोर डब्यांची रांग आहे. पहिले शंभर डबे लग्नघरच्या एकाच माणसाचे. मी काय केलं, ते शंभर आधी आत घेतले. आत घेतल्यावर मोजले. म्हटलं, एकाचे दहाच दळीन. दहा दळले, नव्वद परत रांगेत पाठवले, आणि चक्की बंद केली. बाहेरचा डबा बाहेरच राह्यला."

"मंग आधी बाहेर जाऊन मोजाचे ना," मी म्हणाले.

"हो. आता तेच करून राह्यली."

यात माझं काही मोठं डोकं नव्हतं. तिनं सांगितलेल्या गोष्टीतच ते होतं, आणि मला सांगायच्या आधी ते तिला कळलेलं होतं. मी हे लिहिते कारण भावजय म्हणते की आम्ही वर मजा करत बसलो होतो. मजा नव्हती. पाव तास वाया गेला होता आणि तो परत येणार नव्हता.

या वेळी तिनं आधी प्रत्येक गिऱ्हाईकाची वेगळी रांग केली. प्रत्येक रांगेतल्या पुढच्या दहा घ्यायच्या, दोनच असतील तर दोन, आणि त्या सगळ्यांची मिळून फेरी करायची. सरांनी या वेळी बरोबर आहे म्हटलं नाही. त्यांनी तिला एकेक ओळ वाचायला लावली आणि विचारत राहिले, इथं काय होईल, तिथं काय होईल. ती चिडली नाही. पुढची फेरी सुटली तेव्हा दोघंही उभे होते.

दहा मोठ्याच्या, आणि लहान्यांच्या सगळ्या. जेवढ्या सकाळपासून तुंबल्या होत्या तेवढ्या सगळ्या एका फेरीत निघाल्या. तरी फेरीत जागा रिकामी राहिली. लेक म्हणाली की ह्या रिकाम्या जागा मोठ्याला द्यायला पाहिजेत, उगाच वाया चालल्या, पण आधी हे नीट चालू दे, ते संध्याकाळी करते. तेवढ्यात एक पट्टी लाल झाली.

बाजारहत्नूरची होती. तिथल्या नर्सनं फोन केलेला नव्हता. नंतर कळलं की तिच्याकडं बाळंतीण आली होती, ती त्यात अडकली होती, आणि छाती दुखणारी बाई बाकावर पाठ टेकून मुकाट बसून होती. शाळेत पोरांचा भात शिजवणारी बाई. धुरानं छाती भरली असेल असं तिला वाटत होतं. डॉक्टरचा फोन गेला. नर्स धावली, गोळ्या दिल्या, गाडी बोलावली. इकडं आदिलाबादला इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं. हे सगळं आम्हाला सरांच्या फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत होतं.

गाडी निघाली म्हटल्यावर सर खाली आले आणि नळाखाली डोकं धरलं. लेक जिन्यावर बसली. मी चहा टाकला. म्हटलं, आता तरी खा काहीतरी. ती म्हणाली, चहा दे.

तेव्हा भाचेसुनेचा फोन आला.

माझा भाऊ माझ्याहून लहान. नेरडीगोंड्याच्या बाजूच्या गावात शेती करायचा, कापूस आणि थोडी ज्वारी. हट्टी माणूस. दुखणं अंगावर काढायचा आणि वरून दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा. आमच्याकडं आला की अंबाडीची जुडी आणायचा, आणि ती चुलीपाशी टाकून लेकीला टोमणा मारायचा. तुह्या कंप्युटरवर भाकर भाजते का, असं. ती म्हणायची, भाजते मामा, फक्त पलटवता येत नाई. ही त्यांची नेहमीची थट्टा होती, दर खेपेला तीच.

गेली पंधरा वर्षं तो बसस्टँडजवळच्या लहान दवाखान्यात जायचा. तिथली नर्स आमचीच गिऱ्हाईक. पण कॅम्पमध्ये त्याला कार्ड मिळालं होतं. फुकट पट्टी, फुकट रक्त. ते कार्ड तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, बाहेर दिसेल असं. त्या दिवशी छातीत दुखलं तर तो कार्डवाल्या शाखेत गेला. तिथला डॉक्टर सकाळीच येऊन गेला होता. पट्टी काढणारी पोरगी नवीन. तिनं पट्टी काढली, पाठवली, गॅसची गोळी दिली आणि बसा म्हणाली. उत्तर आलं नाही तेव्हा तिनं नियमाप्रमाणं हैदराबादच्या त्यांच्या मोठ्या ऑफिसात फोन केला. त्यांनी सांगितलं, रांगेत आहे. खरंच होतं ते. रांगेतच होती.

कोणाच्या रांगेत, ते लेकीला जिन्यावर बसल्या बसल्या कळलं होतं. मला वर जाऊन कळलं. मोठ्याच्या रांगेत, तीन हजार कॅम्पवाल्यांच्या मागं. आणि त्या रांगेतून आता फेरीला दहाच निघत होत्या.

मी गुडघे धरून वर पोचले तेव्हा तिनं मामाची पट्टी शोधून हातानं चालवली होती. लाल आली. तिनं डॉक्टरला स्वतः फोन लावला, आमच्यासमोर. मामा म्हणून सांगितलं नाही. पेशंट म्हणाली. वय सांगितलं, शाखा सांगितली, पट्टी कधी काढली ते सांगितलं.  डॉक्टरनं पलीकडून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हो सर. एवढा वेळ आमच्याकडंच होती."

मग डॉक्टरनं शाखेतल्या पोरीला गोळ्या सांगितल्या. एकशे आठला फोन केला. बाजारहत्नूरच्या बाईला आणायला जवळची गाडी गेली होती, म्हणून दुसरी लांबून येणार. माझा भाचा थांबला नाही. त्यानं गावातल्या एकाची जीप बोलावली आणि बापाला मागच्या सीटवर आडवं घातलं. मी भाचेसुनेला फोनवर म्हटलं, त्याला बोलू देऊ नको. ती म्हणाली, ते ऐकते का. तो म्हणत होता की गॅस आहे, उगाच जीपचं भाडं.

लेक उभीच होती. सर म्हणाले, आता आपण मोठ्याची मर्यादा वाढवू, त्याच्या रांगेत असे आणखी कोणी असतील. ती म्हणाली, मर्यादा वाढवून काय होईल, शंभर केली तरी आजच्या पट्ट्या रात्रीच येतील, पुढं तीन हजार कॅम्पवाले आहेत. मर्यादा गिऱ्हाईकागिऱ्हाईकात आहे. गिऱ्हाईकाच्या पोटात कोण पुढं, कोण मागं, ते आपण पाहिलंच नाही.

तिनं मोठ्याच्या आजच्या पट्ट्या शोधून काढल्या. मामाची सोडून अकरा. सगळ्या हातानं चालवल्या, एकामागून एक. सगळ्या हिरव्या. त्या अकरा माणसांचं मला काही वाटलं नाही, खरं सांगते. मी खिडकीतून रस्त्याकडं पाहत होते, जसं काही नेरडीगोंड्याची जीप आमच्याच गल्लीतून येणार होती.

जीप गुडीहत्नूरच्या अलीकडं होती तेव्हा भाऊ गेला. भाच्यानं तरी ती थांबवली नाही. हायवेनं तसाच आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंत आणला. आम्ही दारात उभे होतो. बाजारहत्नूरची गाडी आमच्या आधीच पोचली होती आणि रिकामी उभी होती, मागचं दार उघडं. कोणीतरी तिच्यातलं स्ट्रेचर धूत होतं.

लेकीनं मामाला पाहिलं. मग बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भावजय जीपमागून दुसऱ्या गाडीनं आली. तिला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, म्हणून ती लेकीच्याच गळ्यात पडून रडली.

माहीत झालं ते लेकीनंच सांगितल्यामुळं. मी तिला म्हटलं होतं, गप्प बस, कोणाला काय कळते. तिनं ऐकलं नाही. दहाव्याला भावजयीपाशी बसून तिनं सगळं सांगितलं, पट्टी कुठं अडकली, का अडकली, तिनं काय केलं. भावजय सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे घरच्या माणसाले तू दहाच्या मागं उभा केला. आणि परक्या बाईले पुढं काढलं."

लेकीनं तिला सांगायचा प्रयत्न केला की कॅप नसती तरी मामांचा नंबर त्या दुपारी लागला नसता. ते खरं आहे. मी हिशेब समजून घेतला आहे. कॅपनं मामाला मागं टाकलं, पण तो आधीच एवढा मागं होता की त्यानं काही फरक पडला नाही. कॅप नसती तर एवढंच झालं असतं की ती बाईही मागंच राहिली असती. पण हे तेराव्याच्या आत कोणाला सांगता येत नाही. लेक बोलत राहिली आणि बाया तिच्याकडं पाहत राहिल्या. मीच तिला उठवलं, चल म्हटलं, भांडे घासायचे आहेत.

एक गोष्ट भावजयीनं त्याआधीच मला दाखवली होती. ती मी लेकीला सांगितली नाही, पण तिला दुसरीकडून कळलीच. माझा भाऊ कॅम्पलाही गेला होता, कार्ड तिथंच तर मिळालं. म्हणजे त्याची कॅम्पची पट्टीही त्याच तीन हजारांत होती. तो स्वतःच्याच मागं उभा होता, असं म्हणा. ती जुनी पट्टी फेरीफेरीनं, दहा-दहाच्या हिशेबानं पुढं सरकत राहिली. त्याला जाळून आल्यावर, राख सावडायच्या दिवशी, तिचा नंबर लागला. हिरवी निघाली. आणि त्याच्या फोनवर निरोप आला. भावजयीला तेलुगू वाचता येत नाही. तिनं सुनेला विचारलं. सुनेनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, लिहिलं आहे की तुमचं हृदय ठीक आहे.

भावजयीनं तो फोन माझ्यापुढं धरला. मी चौथी शिकलेली, आणि तेही मराठीत. पण आकडे कळतात. निरोपाखाली कार्डाचा नंबर होता, आणि कार्ड शेजारी ताटात ठेवलं होतं, त्याच्या चष्म्याजवळ. नंबर तोच होता.

त्यानंतर लेकीनं काम बदललं. आता रिकाम्या जागा वाया जात नाहीत. सगळ्यांच्या दहा-दहा झाल्या की उरलेली फेरी ज्याची रांग मोठी त्याला मिळते. आणि प्रत्येकाच्या रांगेत दवाखान्यातली पट्टी आधी, कॅम्पची नंतर. कोणाची पट्टी ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबली की घंटी वाजते, सगळं हिरवं असलं तरी. सरांनी हे सगळं मला एकदा सांगितलं, मी न विचारता. लेक याबद्दल बोलत नाही. मोठा तिच्याकडंच राहिला. उलट खुश आहे म्हणे. आता त्याच्या शाखांचं उत्तर लवकर जातं.

घंटी आधीच्या घंटीपेक्षा वेगळी आहे. खाली स्वयंपाकघरात ऐकू येते. पहिल्यांदा वाजली तेव्हा लेक जेवत होती आणि तशीच खरकट्या हातानं वर गेली. काही नव्हतं. एका नर्सनं चुकून रिकामी पट्टी पाठवली होती. ती खाली आली, हात धुतला, पुन्हा ताटावर बसली नाही.

भावजय आमच्याकडं येत नाही. तिच्याकडच्या लग्नाला आम्हाला बोलावणं आलं, पण पत्रिका पोरानं दारातूनच दिली. मी गेले. लेक गेली नाही. तिथं मला जेवायला वाढताना भावजय माझ्या ताटापाशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, तुमची दहाची पंगत झाली का, का अजून रांगेतच आहात. मी म्हटलं, वाढ आधी. तिनं वाढलं. मी जेवून उठले. दुसरं काय करणार होते.

अंबाडी आता मार्केटातून आणते. लेक ती खात नाही, मी एकटीपुरती करते.

बाजारहत्नूरच्या बाईला मी कधी पाहिलं नाही. तिला बघावं असंही मला वाटलं नाही. तिच्याबद्दल सर सांगतात, त्यांची मेहुणी तिकडच्या शाळेत शिकवते. ती बाई महिनाभर घरी होती. आता पुन्हा कामावर जाते, पोरांचा भात शिजवते, जड भांडं मात्र दुसरी उचलते. आपली पट्टी कुठं थांबली होती आणि कशी सुटली ते तिला कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं कारणही नाही.

ती जगली. माझा भाऊ जगला नाही.